फेरीबोट सुटून जात नाही: दुखावलेल्या माणसाशी मेसेजवर हळुवार खट्याळपणा कसा करावा

चवथ आटोपली की गोव्यात आमच्या माशेलच्या बाजूला जत्रेच्या नाटकांच्या तालमी सुरू होतात. गेल्या वर्षी अशाच एका तालमीत माझा मावसभाऊ प्रॉम्प्टर होता आणि फोंड्याच्या एका शाळेत शिकवणारी एक मुलगी नाटकात काम करत होती. बाराव्या दिवशी रात्री साडेअकराला त्याने मला एक मेसेज लिहून पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, हे तिला पाठवू?" मेसेज असा होता: "तू भेटल्यापासून सगळं बदललंय. मी तुला परत कधीच दुखू देणार नाही. प्रॉमिस."

मी त्याला फोन करून सांगितलं, हे पाठवू नकोस. मग आम्ही दोघं तासभर बोललो. पुढचे दोन महिने तो मला अधूनमधून मेसेज दाखवत राहिला. ते मेसेज मी इथे दोघांना विचारून देतेय. ती म्हणाली, "दे, पण नाव नको." म्हणून नावं नाहीत.

मला हे कळतं त्याचं कारण सरळ आहे. मी स्वतः त्या बाजूला बसलेली आहे. लग्न मोडल्यावर तीन वर्षांनी एका भल्या माणसाने मला मेसेज करायला सुरुवात केली. एका रात्री त्याचे अकरा मेसेज आले, सगळे गोड. मी फोन पालथा घालून स्वयंपाकघरात ठेवला आणि सकाळपर्यंत हात लावला नाही. त्याचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण अशा नात्यातून आलेलं माणूस मेसेज कसा वाचतं, ते त्याला माहीत नव्हतं.

ती मेसेज कसा वाचते

सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ज्याला आधीच्या नात्यात त्रास झालाय, ते माणूस मेसेज उघडल्यावर आधी त्यातली मागणी शोधतं. यात माझ्याकडून काय हवंय? उत्तर लगेच हवंय का? मी कुठे आहे ते सांगायचंय का? गोड बोललं तर मलाही तेवढंच गोड बोलावं लागणार का? कौतुक त्यानंतर दिसतं, आणि मागणी मोठी असेल तर दिसतही नाही. "तुला कधीच दुखू देणार नाही" यात मागणी अशी, की आता तू माझ्यावर विश्वास ठेव. बारा दिवसांच्या ओळखीत ते फार मोठं देणं होतं. शिवाय अशी वचनं तिने आधी एकदा ऐकलेली असतात, आणि ती कुणी दिली होती हे ती विसरलेली नसते.

मागणी जितकी कमी, तितकी खट्याळपणाला जागा जास्त. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

मागचं नातं नेमकं कसं होतं ते विचारायची गरज नाही. विचारूच नका. पण काही खुणा आपोआप दिसतात. उत्तराला दोन तास झाले म्हणून कुणी "सॉरी सॉरी, शाळेत होते, मग बाजारात गेले, मग फोन चार्जिंगला होता" असा सगळा हिशेब देत असेल, तर समजा की कधीतरी कुणीतरी तिच्याकडे असा हिशेब मागायचं. अशा माणसाला "कुठे आहेस?" हा साधा प्रश्नसुद्धा टोचतो. कुणी दोन दिवस भरभरून लिहून एकदम गप्प होत असेल, तर जवळ आल्यावर काहीतरी वाईट होतं हा तिचा अनुभव असतो. आणि जरा कौतुक केलं की "उगाच काहीही!" असं झटकन येत असेल, तर आधी गोड बोलण्याच्या मागून टोमणा यायचा असं समजायला हरकत नाही. हे अंदाजच आहेत. त्यावरून तिला काही सांगायला जाऊ नका, फक्त आपण काय टाळायचं ते ठरवा.

माझ्या भावाच्या गोष्टीत पहिली खूण होती. मेसेज सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तिचा मेसेज आला: "सॉरी, उशिरा बघितला. पेपर तपासत होते, मग आईला डॉक्टरकडे नेलं." तो लिहिणार होता, "इट्स ओके." वाईट नाही ते, पण त्यात उशीर ही चूक होती आणि ती माफ केली असा सूर येतो. मी म्हटलं, चूकच नव्हती असं काहीतरी हसत लिही. त्याने लिहिलं:

"उशीर कसला? मी काय शेवटची फेरीबोट आहे, सुटून जायला?"

तिने तीन हसरे चेहरे पाठवले आणि त्यानंतर पुन्हा कधी हिशेब दिला नाही. हा त्याचा पहिला खरा खट्याळ मेसेज. त्यात तिच्या रूपाबद्दल काही नाही, प्रेमाबद्दल काही नाही. पण "मी इथेच आहे, घाई नाही" हे त्यात आहे, आणि ते हसत सांगितलंय.

पहिला मेसेज

पहिला मेसेज दोघांनी मिळून पाहिलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीवर लिहा. तुम्ही काय पाहिलं ते नेमकं सांगा, त्यात आपल्याला काय मजा आली ते एका वाक्यात सांगा, आणि थांबा. शेवटी प्रश्न नसला तरी चालतो. खरं म्हणजे पहिल्या दोन-तीन मेसेजमध्ये प्रश्न नसलेलाच बरा, कारण प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं.

"हाय, कशी आहेस? काय चाललंय?" यात तुम्ही काहीच दिलेलं नाही, सगळं तिच्याकडून मागितलंय. "तू खूप सुंदर दिसतेस" यात तुम्ही तिला निरखत होता एवढंच तिला कळतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते नको असतं. भावाने पाठवलेला पहिला मेसेज हा:

"आज दुसऱ्या अंकात सासूबाई वाक्य विसरल्या तेव्हा तू जे पदरात गाठ मारत वेळ काढलास ना, ते मी पुस्तकात लिहून ठेवलंय. प्रॉम्प्टरची नोकरी वाचवलीस. देव बरें करूं."

तिने काय केलं ते त्याने पाहिलं होतं. तिची हुशारी पाहिली होती, अंग नव्हे. आणि शेवटचे कोकणी शब्द गोव्यातल्या मराठी माणसाच्या तोंडी सहज येतात तसे आले. आपण घरी कोकणी, नाटक-कीर्तनात मराठी असे दोन्हीत वावरतो, तर मेसेजमध्येही दोन्ही येऊ द्या. फार शुद्ध मराठीत लिहिलेला खट्याळपणा भाषण वाटतो.

किती आणि कधी

सरळ हिशेब सांगते. तिने दोन ओळी लिहिल्या तर तुम्ही दोन-तीन ओळी लिहा. तिच्या उत्तराशिवाय पाठोपाठ दुसरा मेसेज पाठवू नका. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला एकदा पुरे, आणि मध्ये एखादा दिवस काहीच नाही गेलं तरी बिघडत नाही. रात्री दहानंतर नवा विषय काढू नका. रात्री एकटं असताना जुनं सगळं वर येतं, आणि त्या वेळी आलेला मेसेज, कितीही साधा असला तरी, त्यातच मिसळतो. सकाळी उठल्या-उठल्या गुड मॉर्निंगचं फूल पाठवण्याची सवय असेल तर ती मोडा. रोज ठरल्या वेळी येणारी गोष्ट चारच दिवसांत कर्तव्य बनते. एक दिवस तुमच्याकडून ती चुकली की तिच्या मनात शंका येते, आणि तिच्याकडून उत्तर राहिलं की तिला अपराधी वाटतं.

भावाला निळ्या खुणांची फार सवय होती. तिने वाचलं, उत्तर नाही, मग दर दहा मिनिटांनी फोन हातात. मी त्याला व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट्स बंद करायला लावलं. ते बंद केलं की आपल्याला तिच्या निळ्या खुणा दिसत नाहीत आणि तिला आपल्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र पूर्वीसारख्याच दिसतात. पण एक करा, तिला आधी सांगा. अचानक खुणा गेल्या तर ज्याला पूर्वी कुणी टाकून गेलंय ते माणूस घाबरतं. त्याने लिहिलं, "निळ्या खुणा बंद करतोय, मीच दिवसभर बघत बसतो म्हणून. तू आरामात वाच." तिने नंतर मला सांगितलं की हा मेसेज तिला सगळ्यात आवडला होता. आपण वाट बघतो हे त्याने सांगितलं, आणि त्या वाट बघण्याचं ओझं तिच्यावर न टाकता सांगितलं.

याच पोटात आणखी एक. पाठवलेला मेसेज काढून टाकू नका. काढला तरी त्या जागी मेसेज काढल्याची ओळ राहते, आणि तिथे काय असेल याचा विचार ती रात्रभर करेल. शुद्धलेखन चुकलं तर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतं, तेवढंच करा. बाकी जे लिहायचंय ते आधी नोट्समध्ये लिहा, एक चहा प्या, परत वाचा आणि मग पाठवा.

चिडवायचं कुठे

गोव्यात चिडवल्याशिवाय जवळीक होत नाही. पण दुखावलेल्या माणसाला चिडवताना जागा ओळखावी लागते. जिथे ती पक्की आहे, जिथे तिला स्वतःची खात्री आहे, तिथेच चिडवा. जिथे ती स्वतःवर शंका घेते तिथे बोटही लावू नका. उशीर, विसरणं, वजन, फार विचार करणं, फार बोलणं किंवा फार गप्प बसणं, रडू येणं, स्वयंपाक, पैसा: हे सगळे विषय बंद. "तू ना, फार विचार करतेस" हे वाक्य कितीही लाडाने म्हटलं तरी ते तिने आधी कुणाकडून तरी रागात ऐकलेलं असतं.

ती मुलगी पातोळ्यांच्या बाबतीत फार ठाम होती. हळदीचं पान नसेल तर ती पातोळीच नाही, असं तिने तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. इथे चिडवायला भरपूर जागा होती. भावाने लिहिलं:

"आज ऑफिसात एकाने केळीच्या पानातली पातोळी दिली. मी खाल्ली. तुला सांगणं माझं कर्तव्य आहे. आता पुढची शिक्षा तू ठरव."

तिचं उत्तर: "शिक्षा म्हणून उद्या तालमीत वाक्यं मी नाही विसरणार. तुला काहीच काम नाही." पहिल्यांदा तिने उलट चिडवलं होतं. ही खूण लक्षात ठेवा. जोवर चिडवणं एकाच बाजूने चाललंय तोवर वेग वाढवू नका. ती उलट चिडवायला लागली की तिला तुमच्याबरोबर सुरक्षित वाटायला लागलंय.

चिडवलेलं लागलं तर कसं ओळखायचं? उत्तर एकाच शब्दाचं येतं, किंवा ती स्वतःचं समर्थन करायला लागते, किंवा "हाहा" एवढंच येतं आणि विषय बदलतो. असं झालं तर "अगं मस्करी केली" म्हणू नका, कारण त्यात चूक तिची होते. एवढंच लिहा: "ते जरा आगाऊ लिहिलं मी. सॉरी." मग तो विषय कायमचा सोडा.

कौतुकाच्या पायऱ्या

कौतुक चढत्या क्रमाने करा, आणि प्रत्येक पायरीवर आठवडाभर तरी थांबा. पहिली पायरी म्हणजे तिने निवडलेल्या गोष्टी: तिने सुचवलेलं गाणं, तिने मुलांना शिकवायला काढलेली युक्ती. दुसरी तिचे गुण. तिसरी पायरी खरा खट्याळपणा आणते: तिचा तुमच्यावर काय परिणाम होतो ते. रूप सगळ्यात शेवटी, आणि तेही तिने आधी तुमच्या दिसण्यावर काही म्हटलं तर.

तिसऱ्या पायरीवर लोक घसरतात, म्हणून तिथे थोडं थांबते. "तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस जात नाही" हाही परिणामच आहे, पण त्यात तुमचा दिवस तिच्या हातात दिलाय. तिने एक दिवस न बोलायचं ठरवलं तर तुमचा दिवस वाया गेल्याचा दोष तिचा. त्याऐवजी परिणाम लहान, हसरा आणि तुमच्यापुरता ठेवा. भावाचे या पायरीवरचे दोन मेसेज मला आवडले. एक:

"तुझा मेसेज आला की माझा चहा निवतो. ऑफिसातल्या चहावाल्याने कारण विचारलं, मी साखरेवर ढकललं."

आणि दुसरा, तालीम झाल्यावर:

"आज तू वाक्यं विसरली नाहीस, पण मीच पान उलटायला विसरलो. पुस्तकाकडे बघायचं काम माझं आणि मी भलतीकडेच बघत होतो. दिग्दर्शकांना सांगू नकोस."

दोन्हींत तो तिच्याकडे ओढला जातोय हे स्पष्ट आहे. आणि दोन्हींना उत्तर नाही दिलं तरी चालतं. दुसऱ्याला तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही, तिसऱ्या दिवशी लिहिलं, "दिग्दर्शकांना सांगितलं नाही. अजून." हा 'अजून' तिने स्वतःहून घातला होता.

ती मागचं सांगते तेव्हा

कधीतरी एक लांब मेसेज येतो. आमच्या गोष्टीत तो पाचव्या आठवड्यात आला. साखरपुडा झाल्यावर तो माणूस तिचा फोन तपासायचा, तिने मैत्रिणींशी बोलणं सोडलं होतं, शेवटी तिनेच साखरपुडा मोडला आणि गावात वर्षभर बोलणी खाल्ली. गोवा लहान आहे. फोंड्यात मोडलेल्या लग्नाची बातमी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोचायला वेळ लागत नाही.

अशा वेळी खट्याळपणा पूर्ण बंद. त्या माणसाला शिव्या देऊ नका. तिने त्याच्यावर प्रेम केलं होतं, शिवी तिच्या निवडीलाही लागते. "मी तसा नाही" म्हणू नका, कारण बोलणं लगेच तुमच्याकडे वळतं. सल्ला देऊ नका. प्रश्न विचारून आणखी खोदू नका. भावाने चार वेळा लिहून खोडलं आणि शेवटी पाठवलं:

"सांगितलंस, बरं वाटलं. एकटीने मोडलंस ते, आणि वर्षभर सगळ्यांना तोंड दिलंस. यावर मला काही विचारायचं नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं सांग."

मग त्याने स्वतःचं एक लहान खरं सांगितलं, त्याच रात्री नाही, दोन दिवसांनी: कॉलेजात एका मुलीला त्याने फार गळ घातली होती आणि त्याची त्याला अजून लाज वाटते. हे बरोबर झालं. 1997 साली आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांच्या जोड्यांना हळूहळू खोल जाणारे प्रश्न एकमेकांना विचारायला लावले होते. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना जास्त जवळीक वाटली. तिथे दोघंही उत्तरं देत होते आणि प्रश्न टप्प्याटप्प्याने वाढत होते. एकच जण मन उघडं करत राहिला तर तो उघडा पडतो. मात्र तुमचं दुःख तिच्यापेक्षा मोठं करून सांगू नका, स्पर्धा होते.

दुसऱ्या दिवशी काय करायचं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मन मोकळं केलं की दुसऱ्या सकाळी लाज वाटते, उगाच सांगितलं असं वाटतं. त्या सकाळी तुमच्याकडून काही आलं नाही, तर ती समजते की तुम्ही घाबरून पळालात. सहानुभूतीचा मोठा मेसेज आला, तर समजते की आता आपण बिचारी झालो. त्या दिवशी एक साधा, रोजचा मेसेज पाठवा, कालच्या गोष्टीचा उल्लेख न करता. त्याने मांडवीवर धुकं पसरल्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "आज पूल दिसत नाही, तरी बस वेळेवर. कदंबवर श्रद्धा बसली." ती म्हणाली, "चमत्कार." बस. पुन्हा हसू कधी सुरू करायचं ते तिने ठरवलं.

तुम्ही तिचे डॉक्टर नाही, हेही लक्षात ठेवा. झोप उडालीय, जेवण सुटलंय, जगायला नको असं ती म्हणतेय, तर ते मेसेजच्या पलीकडचं आहे. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे समुपदेशक बोलतात. तो एकदा, शांतपणे, द्या.

भेटीचं विचारणं

भेटायला बोलावताना तिला 'नाही' म्हणणं सोपं करा. त्यासाठी चार गोष्टी आधीच मेसेजमध्ये घाला: वेळ, किती वेळ, कुठे, आणि नाही म्हटलं तर काय. "कधीतरी भेटूया ना" यात काही पक्कं नसतं आणि तिचं मन दहा शक्यता रंगवतं.

जागेचा विचार गोव्यात नीट करावा लागतो. मिरामारवर संध्याकाळी कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच. फोंड्यात तर तिच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील चहाच्या टेबलावर येऊन बसतील. तिला कुठे अवघडल्यासारखं होणार नाही ते विचारा. आणि नदीतली सफर, दिवाडीची फेरी, लांबची ड्राइव्ह हे पहिल्या भेटीला नको. ऐकायला गोड आहे, पण मधेच उठून घरी जाता येत नाही. तिची स्वतःची स्कूटर असावी, उजेड असावा, आणि तासाभरात संपेल असं काहीतरी असावं.

भावाचा मेसेज मी एका शब्दानेही बदलला नाही:

"रविवारी दुपारी चारला पणजीत भाजी-पाव आणि चहा, तासभर. तू तुझ्या स्कूटरने, मी माझ्या. फोंड्याजवळ हवं असेल तर ते सांग. नको असेल तर नुसता अंगठा खाली पाठव, कारण नको. मंगळवारच्या तालमीत चहा तरी माझ्याकडूनच."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाही म्हटल्यावर वागणूक बदलणार नाही, हे आधीच सांगितलं. अर्थात ते पाळावंही लागतं.

ती गप्प झाली तर

त्या मेसेजला उत्तर आलं नाही. ती मंगळवारी तालमीला आली, चहा घेतला, नीट बोलली, पण मेसेजला उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. भाऊ माझ्याकडे येऊन बसायचा आणि विचारायचा, परत विचारू का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या असतात. घाबरलेलं माणूस मागे सरकतं, पण कधीतरी स्वतःहून परत येतं, काहीतरी विचारतं, नाही म्हणताना दुसरा पर्याय देतं. ज्याला रस नाही ते सभ्यपणे, छोटं उत्तर देतं, स्वतःहून कधीच काही विचारत नाही, दोन-तीनदा बोलावलं तरी दुसरा दिवस सुचवत नाही. पहिल्या आठवड्यात हे दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आठवडाभर काहीच करायचं नाही. त्यानंतर एकच मेसेज, ज्यात त्या निमंत्रणाचा उल्लेख नाही आणि तक्रारही नाही. त्यालाही उत्तर नाही आलं, तर संपलं. तालमीत भेटलात तर नीट बोला, मेसेज मात्र बंद.

आणि तिने स्पष्ट 'नको' म्हटलं असेल, तर त्यानंतरचा गोडातला गोड मेसेजही गोड राहत नाही. नको असल्याचं बाईने स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. दुसऱ्या नंबरवरून, मैत्रिणीमार्फत, इन्स्टाग्रामवरून हे सगळं त्यातच येतं. कायद्याचं नाव घ्यावं लागलं याचं वाईट वाटतं, पण "अजून एकदा प्रयत्न कर" हा सल्ला मी तालमीच्या मंडपात नको तितक्यांदा ऐकलाय.

भावाने आठव्या दिवशी तो एक मेसेज लिहून ठेवला होता, नाटकाच्या कपड्यांबद्दल काहीतरी. पाठवायची वेळ आली नाही. नवव्या दिवशी दुपारी, शाळेच्या सुट्टीत, तिचा मेसेज आला:

"फेरीबोट सुटली का?"

परत आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं यावर आम्ही पूर्वीच बोललो होतो. "कुठे होतीस?" नाही, "मला वाटलं तू रागावलीस" नाही, "किती वाट पाहिली" तर अजिबात नाही. त्या नऊ दिवसांबद्दल काही विचारायचं नाही. ती ज्या सुरात आली त्याच सुरात, तेवढ्याच लांबीचं उत्तर द्यायचं. त्याने लिहिलं:

"धक्क्यालाच आहे. इंजिन बंद."

अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं. "रविवार, पण पाचला. चारला ऊन असतं. आणि पणजीतच, फोंडा नको."